अनगोळच्या भाकरी केंद्राला चार पी लावताना

प्रश्न: मी बेळगावात बीबीएला आहे. गल्लीतला एखादा छोटा खाद्य व्यवसाय घेऊन त्याला प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन लावून दाखवा, असा प्रकल्प दिलाय. मी अनगोळमधलं एका काकूंचं भाकरी केंद्र घेतलं. दोन तवे, दोन मदतनीस बायका, ज्वारीची भाकरी, सोबत भाजी आणि चटणी. चारही पींची पानं भरली, शेवटी ‘सवलत द्या, इन्स्टाग्रामवर या, डिलिव्हरी ॲपवर या’ असं सुचवलं. सरांनी ‘हे कुठल्याही दुकानाला लागू होईल’ असा शेरा मारून परत दिलं. आता काय करू?

उत्तर:

सरांचा शेरा बरोबर आहे, आणि दुरुस्तीही फार लांब नाही. जेरोम मॅकार्थींनी 1960 मध्ये चार पींची मांडणी केली, तेव्हापासून ती चार वेगळ्या प्रकरणांसारखी शिकवली जाते आणि विद्यार्थीही चार स्वतंत्र पानं लिहून मोकळे होतात. व्यवसायात मात्र हे चार निर्णय एकमेकांना बांधलेले असतात. भाकरी केंद्रात त्यांना बांधणारी गाठ म्हणजे तवा. एका तव्यावर तासाला किती भाकऱ्या निघतात हे मोजल्याशिवाय किंमत, जागा किंवा जाहिरात यांपैकी कशावरही खात्रीनं लिहिता येत नाही. तुमच्या तिन्ही सूचना नेमक्या इथंच अडकतात.

म्हणून लिहायच्या आधी तीन दिवस केंद्रावर बसा. त्यातला एक शनिवार किंवा रविवार असू द्या. काकूंची परवानगी घ्या आणि एक वजनकाटा व एक वही सोबत ठेवा. दर पंधरा मिनिटांना किती भाकऱ्या मागितल्या गेल्या, किती दिल्या आणि किती जण रांग बघून परत गेले, याच्या रेघा ओढा. परत गेलेल्यांचा आकडा सगळ्यांत मोलाचा, कारण तो गल्ल्यात कुठंच दिसत नाही. शिवाय दहा उंडे वजन करा, बंद करताना उरलेल्या भाकऱ्या मोजा आणि गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरतो ते विचारून घ्या. खाली मी नमुन्याचे आकडे धरून गणित मांडतो. तुमच्या वहीत वेगळे आकडे येतील. रीत तीच ठेवा.

प्रॉडक्टपासून सुरुवात करू. ‘ज्वारीची भाकरी, पौष्टिक, घरगुती चवीची’ एवढ्यानं प्रॉडक्ट लिहून होत नाही. संध्याकाळी साडेसातला नोकरीवरून आलेली बाई काकूंकडून काय विकत घेते? पीठ मळणं, थापणं, तव्यापाशी उभं राहणं यातून सुटका, आणि ताटात पडेपर्यंत मऊ राहिलेली भाकरी. त्यामुळे मऊपणा किती वेळ टिकतो हा प्रॉडक्टचा गाभा आहे, आणि तो पिठापासून सुरू होतो. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. कडकडीत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि त्याच्याच जोरावर भाकरी थापली जाते. दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, थापताना कडा चिरतात, भाकरी फुगत नाही आणि थंड झाली की वातड होते. गिऱ्हाईक विरी गेली असं म्हणणार नाही, पण पुढच्या आठवड्यात येणारही नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा दळण, ही ओळ तुमच्या प्रॉडक्टच्या पानावर हवी. ‘उत्तम दर्जा’ या शब्दांपेक्षा ती शंभर पट कामाची आहे.

दुसरी मेख बांधणीत आहे. गरम भाकऱ्या एकावर एक रचून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तर वाफ आत कोंडते, खालच्या भाकऱ्यांना पाणी सुटतं आणि त्या चिकट होतात. उघड्या ठेवल्या तर अर्ध्या तासात कडा कडक. बुट्टीत कापड अंथरून भाकऱ्या मिनिट-दोन मिनिटं सुट्या ठेवायच्या, मग कापडात गुंडाळायच्या आणि देताना कागदात बांधायच्या. असं केलं तर तासभर तरी त्या नीट राहतात. हा एक तास लक्षात ठेवा, पुढं तो जागेला आणि जाहिरातीला दोन्हींना लागणार आहे.

बेळगावचं एक वैशिष्ट्यही इथं लिहा. जिल्ह्याचा पूर्व भाग, अथणी-सौंदत्तीकडचा, ज्वारीचा. पश्चिमेला खानापूरकडे भाताची शेती. अनगोळसारख्या वस्तीत दोन्हीकडची घरं आहेत. पश्चिमेकडच्या काही घरांना तांदळाची भाकरी हवी असते, ज्वारीची नको. तिसरा तवा न घेता आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी तांदळाची भाकरी करून बघा, असं सुचवता येईल. रोज दोन्ही ठेवल्या तर दोन पिठं, दोन बुट्ट्या आणि दुप्पट उरणं. एवढ्या छोट्या केंद्राला ते झेपत नाही.

आता किंमत. इथं सावकाश चला, कारण बहुतेक प्रकल्प इथंच घसरतात. शाळूच्या ज्वारीचं पीठ, निवडताना जाणारी घट आणि दळणावळ धरून, किलोला 58 रुपये पडतं असं धरू. एका भाकरीला 75 ग्रॅम पीठ, म्हणजे किलोत 13 भाकऱ्या. एका भाकरीचं पीठ साधारण 4 रुपये 45 पैसे. धंद्याला 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. घरगुती 14.2 किलोचा वापरणं बेकायदा आहे, त्यामुळे तुमच्या गणितात घरगुती सिलिंडरचा दर येता कामा नये. गॅस भाकरीमागे 55 पैसे आणि कागद 40 पैसे धरले की बेरीज होते 5 रुपये 40 पैसे. शंभरातल्या पाच भाकऱ्या मोडतात किंवा उरतात, म्हणून 5.40 ला 0.95 नं भागा. आले सुमारे 5 रुपये 70 पैसे. हा बदलता खर्च. भाकरी 12 रुपयांना विकली तर प्रत्येकीमागे 6 रुपये 30 पैसे हाती राहतात.

या 6.30 मधून रोजचा ठरलेला खर्च भागायला हवा. भाडं, वीज, पाणी आणि किरकोळ मिळून दिवसाला 300 रुपये. दोन मदतनीस, रोज पाच तास, तासाला 70 रुपयांप्रमाणे 700. एकूण 1,000. मजुरी भाकरीमागे वाटू नका. भाकरी खपो न खपो, त्या पाच तासांचे पैसे द्यावेच लागतात. 1,000 ला 6.30 नं भागलं की 159 येतात. तेवढ्या भाकऱ्या खपेपर्यंत काकूंच्या हाती काही पडत नाही. दिवसाला 250 खपत असतील तर 250 गुणिले 6.30 म्हणजे 1,575, त्यातून 1,000 गेले, उरले 575. हे 575 ‘नफा’ म्हणून लिहू नका. काकू स्वतः दिवसाचे आठ तास राबतात. त्यांची मजुरी याच रकमेत आहे. मालकिणीचे तास शून्य किमतीचे धरणं ही या विषयातली नेहमीची चूक, आणि अशा व्यवसायांत ती बायकांच्याच कामावर अन्याय करते.

भाकरीच्या जोडीला भाजी आहे, हे इथं महत्त्वाचं ठरतं. 200 ग्रॅम भाजीचा डबा 40 रुपयांना, त्यावर बदलता खर्च 24 धरला तर डब्यामागे 16 रुपये राहतात. दिवसाला 40 डबे गेले तर 640 रुपये. म्हणजे भाकरी गिऱ्हाईक आणते आणि कमाईचा मोठा भाग भाजी देते. भरल्या वांग्याची भाजी किंवा कारळ्याची चटणी तव्याचा वेळ खात नाही, आदल्या तासात तयार होऊन बसते. किंमत ठरवताना हे दोन पदार्थ एकत्र पाहा.

आता तुमची ‘सवलत द्या’ ही सूचना या गणितावर घासून बघू. भाकरी 10 रुपयांना दिली तर प्रत्येकीमागे 4 रुपये 30 पैसे राहतात. आधीचे 1,575 मिळवायला 367 भाकऱ्या खपाव्या लागतील. एका तव्यावर तासाला विकण्याजोग्या 35 निघतात असं धरलं, तर दोन तव्यांवर दुपारी साडेअकरा ते दीड या दोन तासांत 140 आणि संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांत 210. मिळून 350. म्हणजे सवलतीनं गर्दी उसळली तरी काकूंचं उत्पन्न पूर्वीइतकंही होऊ शकत नाही. तवाच पुरणार नाही. उलट किंमत 13 केली तर भाकरीमागे 7.30 राहतात आणि 216 खपल्या तरी तेच 1,575 येतात. पाहणीत विचारायचा प्रश्न आता नेमका झाला: एका रुपयानं दर वाढला तर रोजच्या 250 पैकी 34 पेक्षा जास्त भाकऱ्यांची मागणी जाईल का? असा एक प्रश्न दहा ‘तुम्ही समाधानी आहात का’ प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो.

किंमत न वाढवता गळती थांबवण्याचा मार्गही वजनकाट्यात सापडतो. घाईच्या वेळी हाताचा अंदाज चुकतो आणि उंड्यात 75 ऐवजी 85 ग्रॅम पीठ जातं; पाण्याचं वजन वेगळं. दहा ग्रॅम पीठ म्हणजे 58 पैसे. 250 भाकऱ्यांत रोजचे 145 रुपये. तुम्ही वजन केलेल्या दहा उंड्यांत सात-आठ ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर ही गळती तिथं आहे असं समजा. उपाय साधा आहे: पीठ मळल्यावर उंडे आधीच मोजून करून ओल्या कापडाखाली ठेवायचे. फक्त एका वेळी पंधरा-वीस, कारण मळलेलं पीठ फार वेळ थांबलं तर त्याचाही चिकटपणा जातो.

जागेच्या प्रकरणात पत्ता आणि नकाशा देऊन थांबू नका. उद्यमबागेतल्या कारखान्यांतून आणि वर्कशॉपमधून सुटलेली माणसं अनगोळकडे परततात तेव्हा ती रस्त्याच्या कोणत्या बाजूनं जातात? आपल्याकडे वाहन डावीकडून चालतं. केंद्र घराकडे जाणाऱ्या डाव्या बाजूला असेल तर दुचाकी सहज थांबते. उजवीकडे असेल तर रहदारी ओलांडावी लागते, आणि तीन भाकऱ्यांसाठी कोणी ती ओलांडत नाही. दोन्ही दिशांनी जाणाऱ्यांची पंधरा-पंधरा मिनिटं मोजणी करा आणि त्यातले किती जण थांबले ते लिहा. दुचाकी उभी करायला दोन हात जागा आहे का, हेही पाहा. या धंद्यात दुकानाच्या लांबी-रुंदीपेक्षा ती जागा जास्त विकते.

डिलिव्हरी ॲपबद्दल बोलायचं तर, समजा कमिशन 25 टक्के आहे. 12 च्या भाकरीवर 3 रुपये गेले, 6.30 चे 3.30 उरले. त्यात डब्याचा खर्च वेगळा, आणि बंद डब्यात वाफ धरून भाकरी पोहोचेपर्यंत चिवट. मघाशी सांगितलेला तो एक तास इथं आडवा येतो. ॲपवर भाकरी-भाजीची जोडी वेगळ्या दरानं ठेवता येईल, पण तीही फक्त ज्या वेळात तवा मोकळा असतो त्या वेळात. त्यापेक्षा कडक भाकरीला बाहेरची वाट उघडून द्या. दुपारी दीडनंतर तवे थंड असतात. त्या वेळात पातळ थापून, मंद आचेवर पाणी पूर्ण जाईपर्यंत भाजलेली कडक भाकरी कोरड्या डब्यात बरेच दिवस राहते, आणि जवळच्या किराणा दुकानात ठेवता येते. सकाळची उरलेली मऊ भाकरी वाळवून कडक म्हणून विकायची कल्पना मात्र प्रकल्पात चुकूनही लिहू नका. ती जाड असते, दातांना लागते, शिळकट वास मारते, आणि तो माल एकदा हातात पडलेलं गिऱ्हाईक ताज्या भाकरीवरही शंका घेतं.

पाकीट बंद केलं की नियम बदलतात. समोर बांधून दिलेल्या भाकरीला लेबल लागत नाही. आधीच पॅक केलेल्या पाकिटावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, घटक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा FSSAI क्रमांक लागतो. नोंदणी केंद्रासाठीही लागतेच. काकूंकडे ती आहे का हे विचारून घ्या, आणि नसेल तर प्रकल्पातली पहिली शिफारस तीच करा.

आता प्रमोशन. ‘गर्दी वाढवा’ हे ध्येय इथं का चालत नाही, ते संध्याकाळच्या नोंदीवरून दाखवा. समजा सहा ते सात या तासात 45 भाकऱ्या मागितल्या गेल्या, सात ते सव्वाआठ या वेळात 130 आणि त्यानंतर नऊपर्यंत 35. बेरीज 210, म्हणजे नेमकी तव्यांच्या तीन तासांच्या क्षमतेएवढी. तरीही गिऱ्हाईक परत जातं, कारण सात ते सव्वाआठमध्ये तवे 88 च देऊ शकतात. 42 भाकऱ्यांची मागणी रांगेतूनच घरी जाते. त्याच वेळी पहिल्या तासात 25 भाकऱ्यांचा आणि शेवटच्या पाऊण तासात 17 भाकऱ्यांचा तवा रिकामा जातो. रोजचे सुमारे 265 रुपये, 26 दिवसांचे 6,900 च्या घरात. इन्स्टाग्रामवरच्या रीलनं आणखी पन्नास माणसं साडेसातलाच आणली तर रांग वाढेल आणि रोजचं गिऱ्हाईक तुटेल.

म्हणून इथल्या प्रमोशनचं काम आहे मागणी सरकवणं. रोजच्या पन्नास-साठ घरांची व्हॉट्सॲप यादी करा. दुपारी चारला एकच निरोप जावा: आजची भाजी कोणती, आणि पाचपर्यंत आकडा कळवून पावणेसातच्या आत घेऊन गेलात तर रांग नाही. ज्यांना घरी लगेच जेवायचं नाही त्यांनाच हे सोयीचं, आणि कापडात बांधलेली भाकरी तेवढा वेळ टिकते हे आपण आधी पाहिलंय. बक्षीस म्हणून दर कमी करू नका. चमचाभर कारळ्याची चटणी द्या. तिचा खर्च रुपया-दीड रुपया, आणि दहा दिवसांत तीच चटणी पाव किलोच्या मापात विचारली जाते. सव्वाआठनंतर येणाऱ्यांसाठी भाजी राखून ठेवा, कारण उशिरा येणारा भाकरीपेक्षा भाजी संपल्यामुळे परत जातो. आधी सांगून न नेणारे निघतात, हेही लिहा. दोनदा तसं झालं की त्या घरांकडून यूपीआयवर आधी पैसे घ्यायचे, एवढा नियम पुरे.

फलकाचा मुद्दा सीमाभागात टाळता येत नाही. 2024 च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात व्यावसायिक नामफलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये, आणि तोही वरच्या बाजूला, असावा लागतो. त्यामुळे वर कन्नडमध्ये ठळक ‘जोळद रोट्टी’ आणि खाली मराठीत ‘ज्वारीची भाकरी’ असा आराखडा काढा. विक्रीच्या दृष्टीनंही हे योग्यच आहे: उद्यमबागेत काम करणाऱ्यांत दोन्ही भाषांची माणसं आहेत आणि पदार्थ दोघांच्याही ताटातला आहे. रोजची भाजी आणि दर मात्र दाराशी वेगळ्या पाटीवर खडूनं लिहा, दोन्ही भाषांत, दुचाकीवरून वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत. फलकावर छापलेला दर शाळूचा भाव बदलला की अडचणीत आणतो. सणाची जाहिरात एकच सुचवा: भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. तीन दिवस आधी ऑर्डर बंद करा, नाहीतर त्या दिवशी रोजचं गिऱ्हाईक उपाशी परत जाईल.

प्रकल्पाची मांडणी आता याच क्रमानं करा. आधी तव्याची क्षमता आणि पंधरा-पंधरा मिनिटांचा तक्ता, मग चार पी, आणि प्रत्येक शिफारशीपुढं तिचा इतर तिघांवर काय परिणाम होतो ते एका वाक्यात. स्वॉटचं पान काढून टाकलंत तरी चालेल. त्यातलं जे खरं आहे ते तक्त्यात आलेलं असतं. पाहणी केली नसेल तर टक्केवारी लिहू नका. वीस गिऱ्हाईकांशी बोललात तर ‘वीसपैकी तेरा’ असं लिहा.

सादर करायला दोन आठवडे हातात असतील तर व्हॉट्सॲपचा निरोप दहा दिवस खरोखर चालवून बघा आणि सात ते सव्वाआठची मोजणी पुन्हा करा. परत जाणारी मागणी 42 वरून 25 च्या खाली आली नाही, तर निरोप नीट पोहोचत नाही किंवा लोकांना लवकर येणंच शक्य नाही. त्या यादीतल्या पाच घरांना विचारून यातलं कारण कोणतं ते शोधा. दुसरं कारण निघालं तर शिफारस बदला: सात ते सव्वाआठ एवढ्यापुरता तिसरा तवा आणि तिसरी मदतनीस, सव्वा तासाचे 88 रुपये. एका तव्यावर तेवढ्या वेळात 44 भाकऱ्या जास्त निघतात. त्या वेळात रोज निदान 14 भाकऱ्या जास्त खपल्या तर तिची मजुरी सुटते.